स्पॅनिश: एस्तार, सेगीर, येबार + खेरुन्दियो आणि मध्ये लुडबुड करणारं इंग्रजी

सदाफुली
नमस्कार मंडळी, पुण्यात आम्ही चौघीजणी मिळून स्पॅनिश बी-वनची तयारी करतोय. मागच्या आठवड्यात सरांनी एक पत्र लिहायला दिलं होतं, माद्रिदमध्ये खोली भाड्याने देणाऱ्या बाईंना. सगळ्यांच्या वह्यांत लाल रेघा जवळपास त्याच जागी आल्या, म्हणून इथे विचारतेय. ज्या वाक्यांवर रेघ मारली ती अशी (देवनागरीत लिहितेय, उच्चार इकडेतिकडे झाले तर समजून घ्या):

१. ले एस्तोय एस्क्रिबिएन्दो पारा... (मी तुम्हाला लिहितेय कारण...)
२. ए एस्तादो बिबिएन्दो एन पुणे पोर सेइस आन्योस. (सहा वर्षं पुण्यात राहतेय)
३. एस्तोय बिनिएन्दो आ माद्रिद एन मायो. (मे महिन्यात माद्रिदला येतेय)
४. एन ला फोतो मि आबुएला एस्ता सेन्तान्दो एन एल बाल्कोन. (फोटोत आजी बाल्कनीत बसलीय)
५. नो सीगो एन्तेन्दिएन्दो एल कोन्त्रातो. (करार मला अजून कळत नाहीये)

सरांनी बरोबर वाक्यं फळ्यावर लिहून दिली पण 'का' विचारलं की म्हणतात इंग्रजीतून विचार करू नका. ठीक आहे, मग कशातून करायचा?

मिरजमावा
मराठीतून. संपला धागा 😄

अर्धवट_पंडित
सोपं आहे हो. इंग्रजीत आयएनजी दिसलं की स्पॅनिशमध्ये साधा वर्तमान टाकायचा. एस्तार लावायचंच नाही. आमच्या क्लासमध्ये हाच नियम सांगितलाय आणि कधी अडलं नाही. ले एस्क्रिबो पारा, बोय आ माद्रिद, झालं.

ह्यूस्टनकर
@अर्धवट_पंडित, १ आणि ३ ला तुमचा नियम चालेल पण ४ ला काय करणार? आजी 'से सिएन्ता' म्हटलंत तर ती बसते किंवा बसायला लागलीय असं होईल, फोटोत बसलेली आजी नाही. आणि आता या क्षणी चालू असलेल्या गोष्टीला एस्तार बिनधास्त वापरतात. माझ्या ऑफिसात निम्मे लोक मेक्सिकोचे आहेत, फोनवर 'एस्तोय मानेखान्दो, ते मार्को लुएगो' म्हणजे गाडी चालवतोय, नंतर फोन करतो, हे दिवसातून दहादा ऐकतो. कोणी 'मानेखो' म्हणत नाही तिथे, त्याचा अर्थ मला गाडी येते असा होईल.

चहाबिस्किट
येबार म्हणजे पार्सल ना? कॉफीच्या दुकानात 'पारा येबार' लिहिलेलं असतं. इथे व्याकरणात पार्सल कुठून आलं

मिरजमावा
@चहाबिस्किट सहा वर्षं पार्सल करून पुण्यात आणली त्यांनी

भटकी_जमात
गंमत राहू दे, पण चहाबिस्किट यांचा प्रश्न वाटतो तेवढा वाट चुकलेला नाही. येबार म्हणजे नेणे, वाहणे, तेच क्रियापद. 'येबो सेइस आन्योस बिबिएन्दो एन पुणे' म्हणजे शब्दशः सहा वर्षं वाहतोय राहत राहत. मी माद्रिदजवळ राहते आणि इथे हे सतत कानावर पडतं, रांगेत, दवाखान्यात, बसस्टॉपवर. 'क्वान्तो येबास एस्पेरान्दो?' म्हणजे किती वेळ थांबलायस.

सदाफुली, तुमच्या २ नंबरबद्दल सविस्तर लिहिते कारण तिथे इंग्रजी दोनदा गंडवतं. पहिली गोष्ट म्हणजे काळ. इंग्रजीत राहणं अजून चालू असलं तरी 'हॅव बीन' लागतं, म्हणून आपण 'ए एस्तादो बिबिएन्दो' करतो. स्पॅनिशमध्ये ते वाक्य चुकीचं नाही, पण ऐकणाऱ्याला वाटतं की मुक्काम संपला, सहा वर्षं राहिलात आणि आता आवरून आलात. म्हणजे घरमालकीण विचारणार, मग आता कुठे राहता? तुम्हाला सांगायचंय की अजून पुण्यातच आहात, तर येबार वर्तमानात हवं, येबो. आणि गंमत बघा, मराठीत आपण 'सहा वर्षं पुण्यात राहतेय' असंच म्हणतो. तेही वर्तमानच! मराठी डोक्याने गेलात तर काळ चुकत नाही, मध्ये इंग्रजी घुसलं की चुकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ते 'पोर'. इंग्रजीत 'फॉर सिक्स इयर्स' म्हणून 'पोर' चिकटतं. येबारनंतर काळ सरळ येतो, मध्ये काहीही नको. येबो सेइस आन्योस. बिबिएन्दो आधी ठेवा की सेइस आन्योस आधी, दोन्ही चालतं. पण किती वेळ ते सांगावंच लागतं, नुसतं 'येबो बिबिएन्दो एन पुणे' म्हटलं तर समोरचा उरलेल्या वाक्याची वाट बघत बसतो.

सदाफुली
वा, हे पटलं. 'अमुक सालापासून' म्हणायचं असेल तर? म्हणजे मुद्दाम साल सांगून, २०१९ पासून?

भटकी_जमात
मग 'बिबो एन पुणे देस्दे २०१९', साधा वर्तमान आणि देस्दे. 'येबो आकी देस्दे २०१९' पण लोक बोलतात. इथे येबोनंतर बिबिएन्दो नाही हे लक्षात आलं का? नुसतं असणं असेल तर खेरुन्दियो, म्हणजे क्रियापदाचं ते '-न्दो' रूप, गाळतात. 'येबो त्रेस ओरास आकी', तीन तास इथे आहे. त्यात 'एस्तान्दो' कोंबायला जाऊ नका, कानाला फार खटकतं. व्यवसायाचंही तसंच, 'येबो दिएस आन्योस दे प्रोफेसोरा', तिथे सिएन्दो नाही.

वैशाखवणवा
ये बाबा 😂 भूतकाळ काय होतो येबारचा? येबाबा?

भटकी_जमात
हो खरंच येबाबा! आणि हे विनोदी असलं तरी उपयोगी आहे, कारण या रचनेत भूतकाळ फक्त तोच चालतो. 'येबाबा सेइस आन्योस बिबिएन्दो एन पुणे क्वान्दो नासिओ मि इखा', मुलगी झाली तेव्हा पुण्यात राहून सहा वर्षं झाली होती. 'येबे' लावलं की वाक्य मोडतं. आणि सहा वर्षं राहून गोष्ट संपली असेल तर येबार सोडूनच द्या, 'बिबी सेइस आन्योस एन पुणे' म्हणा.

टिंबटिंब
अर्जेंटिनात 'शेबो' म्हणतात, येबो नाही. उगाच एक उच्चार बरोबर असं लिहू नका.

मिरजमावा
@टिंबटिंब शेबो म्हणा नाहीतर जेबो म्हणा, लाल रेघ तीच पडते

ह्यूस्टनकर
येबारबद्दल एक भर. आमच्याकडचे मेक्सिकन सहकारी बऱ्याचदा 'तेन्गो सेइस आन्योस बिबिएन्दो आकी' म्हणतात. तेनेर, म्हणजे 'माझ्याकडे आहेत'. व्हेनेझुएलाचा एकजण आहे तोही तसंच. येबो पण त्यांना कळतं आणि वापरतातही, पण तोंडात आधी तेन्गो येतं. मग परीक्षेत हे लिहिलं तर मार्क जातात का?

भटकी_जमात
@ह्यूस्टनकर माझ्या शेजारणीला ऐकवलं तर ती म्हणेल तू तिकडची का. समजायला अडचण नाही, इथे मात्र असं कोणी बोलत नाही.

अर्धवट_पंडित
परीक्षेत माद्रिदचंच चालणार, उघड आहे.

ह्यूस्टनकर
उघड नाही हो. डेले परीक्षेच्या ऐकण्याच्या भागात अमेरिका खंडातले आवाज पण असतात. तिकडचं ऐकवायचं आणि लिहिलं की कापायचं असं असेल का, मला शंका आहे.

सदाफुली
सरांना विचारते. तोपर्यंत येबो.

टिंबटिंब
आता ४ नंबर. यावर कोणी नीट बोललं नाही अजून. मराठीत 'बसतोय' आणि 'बसलाय' हे दोन वेगळे आहेत की नाही? खुर्ची ओढून टेकतोय तो 'बसतोय'. आधीच टेकलेला आहे तो 'बसलाय'. स्पॅनिशमध्ये अगदी हीच फोड आहे. 'से एस्ता सेन्तान्दो' म्हणजे बसतोय, 'एस्ता सेन्तादो' म्हणजे बसलाय. इंग्रजीत दोन्हीला 'सिटिंग'च, म्हणून तिथून आलं की हात आपोआप खेरुन्दियोकडे जातो. आजीसाठी 'एस्ता सेन्तादा', शेवटी आ कारण आजी. खेरुन्दियो कधी बदलत नाही, हे मात्र माणसाप्रमाणे बदलतं, बसलेला बसलेली सारखंच. आडवा झालाय, टेकून उभा आहे, भिंतीवर फोटो टांगलाय, सगळीकडे हेच. मराठीत '-लाय' येत असेल तर खेरुन्दियो नको, एवढं तपासा.

बरं, तुमच्या वाक्यात 'से' पण नाहीये. त्यामुळे ते 'आजी बाल्कनीत कोणाला तरी बसवतेय' असं ऐकू येतं.

चहाबिस्किट
आजी गिऱ्हाईकं बसवतेय. परत पार्सलवर आलो आपण

वैशाखवणवा
टिंबटिंब, झोपलाय? '-लाय' आहे म्हणजे एस्ता दोर्मिदो. पण पुस्तकात तर एस्ता दुर्मिएन्दो पण आहे.

टिंबटिंब
दोन्ही चालतात. झोपणं हे टेकण्यासारखं क्षणात संपत नाही ना, त्यामुळे झोप चालू आहे असंही म्हणता येतं. तिथे माझी कसोटी ढिली पडते, मान्य. उलट कपड्यांना ती पक्की बसते. चष्मा लावलाय, साडी नेसलीय, 'येबा गाफास', परत येबारच आणि साधा वर्तमान. 'एस्ता येबान्दो गाफास' म्हटलं तर चष्म्यांचं खोकं कुठेतरी पोचवायला निघालाय असं वाटेल.

मिरजमावा
म्हणजे पार्सल!!

पणजीचो
आमच्या घरात आजी पोर्तुगीज बोलायची, म्हणून हा धागा उघडला. तिच्या तोंडी 'इश्तोउ आ फाझेर' असायचं, म्हणजे करतेय, तिथे खेरुन्दियो नाहीच, मूळ क्रियापद आणि मध्ये 'आ'. 'करत राहते' याला पण तसंच, 'कोन्तिनुउ आ त्राबाल्यार'. ब्राझीलवाले मात्र 'इस्तो फाझेन्दु' म्हणतात. आता स्पॅनिश शिकताना मी 'सीगो आ त्राबाखार' म्हणतो आणि बाई हसतात. इंग्रजीतल्या 'कन्टिन्यू टू वर्क'नेही तेच होणार ना? म्हणजे माझी अडचण इंग्रजी नाही, आजी आहे.

भटकी_जमात
@पणजीचो किती छान 🙂 हो, स्पॅनिशमध्ये सेगीरनंतर 'आ' नाही, सरळ खेरुन्दियो, 'सीगो त्राबाखान्दो'. कोन्तिनुआर वापरलंत तरी पुढे खेरुन्दियोच.

आणि त्यावरून ५ नंबर. सदाफुली, 'नो सीगो एन्तेन्दिएन्दो' यात 'नो' कुठे लागलाय बघा. तो सेगीरला लागला, म्हणजे 'चालू राहिलं नाही', आधी कळत होतं ते आता कळेनासं झालं असा काहीसा विचित्र अर्थ. तुम्हाला म्हणायचंय की न कळणंच चालू आहे. त्यासाठी स्पॅनिशमध्ये 'सिन' आणि मूळ क्रियापद, 'सीगो सिन एन्तेन्देर एल कोन्त्रातो'. सिन म्हणजे शिवाय. न समजताच राहिलेय. येबारलाही हेच लागू, 'येबो दोस आन्योस सिन फुमार', दोन वर्षं सिगरेट नाही. आणि उलट बाजूने, पूर्वी करायचो आणि आता नाही यासाठी 'या नो', 'या नो त्राबाखो आकी'.

अर्धवट_पंडित
'तोदाबिआ नो एन्तिएन्दो' म्हटलं तर काय बिघडतं? अजून समजत नाही. मराठी जसंच्या तसं.

भटकी_जमात
काहीच बिघडत नाही, उत्तम आहे. फक्त 'सीगो सिन'मध्ये थोडा वैताग येतो. पुन्हा पुन्हा वाचलं, समजावून घेतलं, तरी नाही. 'तोदाबिआ नो'मध्ये पुढे कळेल अशी आशा असते. घरमालकीणबाईंना लिहिताना खरं तर तुमचंच जास्त नम्र.

अर्धवट_पंडित
ऐका, कधीतरी मीही बरोबर असतो. आता ३ नंबरवर सांगतो, ईर आणि बेनीर ही दोन क्रियापदं खेरुन्दियोत कधीच येत नाहीत. 'एस्तोय येन्दो', 'एस्तोय बिनिएन्दो' असं स्पॅनिशमध्ये नसतंच. पक्कं लिहून ठेवा.

ह्यूस्टनकर
असतं. 'उल्तिमामेन्ते एस्तोय येन्दो आल खिम्नासिओ', हल्ली मी जिमला जातोय. रोजचं नवीन काहीतरी सुरू झालंय असं सांगताना सर्रास. चालत नाही ते एवढ्यासाठीच की मे महिन्याचा बेत सांगायला ते वापरू नका. पुढच्या काळासाठी इंग्रजीत 'आय अॅम कमिंग इन मे' चालतं, स्पॅनिशमध्ये 'बोय एन मायो' किंवा 'बोय आ ईर'.

वैशाखवणवा
पण थांबा. मराठीत पण 'मी मे महिन्यात येतोय' म्हणतोच की आपण. 'उद्या निघतोय'. मग इथे मराठीनेही फसवलं ना? मिरजमावा, तुमचा एका शब्दाचा उपाय गेला.

मिरजमावा
माझं मराठी मिरजेचं, आम्ही 'मे मध्ये येतो' म्हणतो. पुण्याचं 'येतोय' निस्तरायला मी नाही

टिंबटिंब
वैशाखवणवा, बरोबर पकडलंत. मराठीत 'येतो' आणि 'येतोय' दोन्ही चालतात, त्यातला साधा 'येतो' उचलला तर स्पॅनिशशी जुळतो. पण येणं-जाणं हे दुसरंच प्रकरण. मराठीत ऐकणाऱ्याच्या गावी 'येतो', स्पॅनिशमध्ये बोलणारा जिथे आहे तिथून 'जातो'. पुण्यात बसून माद्रिदच्या बाईंना 'बेन्गो' नाही, 'बोय'. दारावर बेल वाजली की 'या बोय', जातोच, म्हणजे आपलं 'आलो आलो'. त्यामुळे ३ नंबरच्या वाक्यात दोन चुका होत्या, एस्तार काढून 'बेन्गो आ माद्रिद' केलंत तरी एक शिल्लक राहते.

सदाफुली
अरे देवा, सरांनी 'बोय' लिहिलंय आणि आम्हाला वाटलं फक्त एस्तार कापलं.

भटकी_जमात
आता मला एक गोष्ट फार दिवसांपासून कोणाशी तरी बोलायची होती ती इथे बोलून घेते. मराठीत क्रियापदाला '-त' लावून पुढे दुसरं क्रियापद जोडायची जी सवय आहे ना, करत राहणे, करत येणे, करत जाणे, ती स्पॅनिशला इतकी जवळ आहे की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. 'सीगे दिसिएन्दो' सांगत राहतो. 'बिएने दिसिएन्दो लो मिस्मो' तेच सांगत आलाय. 'बा मेखोरान्दो' सुधारत चाललाय. 'आन्दा दिसिएन्दो' सांगत फिरतोय, आणि त्यातली ती किंचित तक्रारसुद्धा तशीच! इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला 'कीप्स', 'हॅज बीन', 'ग्रॅज्युअली' असं काहीतरी वेगळं शोधावं लागतं. येबारला मात्र मराठीत जोडीदार नाही. 'शिकत आलेय' म्हटलं तर तो बेनीर झाला, येबारमध्ये घड्याळ लागतं.

पणजीचो
आन्दा दिसिएन्दो. आमच्या वाड्यावर सगळेच आन्दान दिसिएन्दो.

वैशाखवणवा
मग 'वाचत बसलो' याला काय? दुपारभर वाचत बसलो.

टिंबटिंब
मला वाटतं 'एस्तुबे लेयेन्दो तोदा ला तार्दे'. इथे खरी अडचण आहे, कारण इंग्रजीत 'वॉज रीडिंग' आणि मराठीत 'वाचत होतो', दोन्हीकडे एकच रूप. स्पॅनिश विचारते की वाचन पूर्ण तुकडा म्हणून सांगताय का त्याच्या मध्ये काही घडलं ते सांगताय. दुपारभर, दोन तास, पाचपर्यंत अशी हद्द घातलीत की एस्तुबे. वाचत होतो तेवढ्यात फोन आला, मग 'एस्ताबा लेयेन्दो क्वान्दो...'. इंग्रजीतून आलेला सगळीकडे एस्ताबा लावतो आणि ऐकणारा 'बरं, मग काय झालं?' म्हणून वाट बघतो. आपण 'वाचत बसलो' म्हणून बघितलं तर एस्तुबे आठवतं.

भटकी_जमात
मला नाही पटत. 'वाचत बसलो'मध्ये वेळ घालवल्याचा सूर आहे, एस्तुबेमध्ये तो नाही. 'एस्तुबे त्राबाखान्दो अस्ता लास दिएस', रात्री दहापर्यंत काम करत होतो, याला 'काम करत बसलो' म्हटलं तर बॉस चिडेल.

टिंबटिंब
बॉस मराठी असेल तरच.

ह्यूस्टनकर
मला टिंबटिंब यांचं आठवायला सोपं वाटतं, अर्थ मात्र भटकी म्हणतात तसा.

अर्धवट_पंडित
एक आपल्याकडचं इंग्रजी पण विसरू नका. 'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय अॅम नॉट नोइंग'. ते घेऊन गेलात की 'एस्तोय तेनिएन्दो दोस एर्मानोस' होतं. हे साहेबाचं इंग्रजी नाही, आपलंच. त्याला साधा वर्तमान, तेन्गो, नो से. इथे तरी माझा नियम चालतो ना?

टिंबटिंब
इथे पूर्ण चालतो. मराठीत 'मला दोन भाऊ असतायत' कोणी म्हणत नाही, तरी इंग्रजी बोलताना ते कुठून येतं देव जाणे.

सदाफुली
मंडळी, पत्र पुन्हा लिहिलंय, बघा जरा:

ले एस्क्रिबो पारा प्रेगुन्तार पोर ला आबितासिओन. येबो सेइस आन्योस बिबिएन्दो एन पुणे. बोय आ माद्रिद एन मायो. एन ला फोतो मि आबुएला एस्ता सेन्तादा एन एल बाल्कोन. तोदाबिआ नो एन्तिएन्दो एल कोन्त्रातो. ग्रासियास पोर लेयेन्दो मि कार्ता.

भटकी_जमात
पहिली पाचही नीट. शेवटचं 'पोर लेयेन्दो' मात्र परत 'थँक्स फॉर रीडिंग'. पोर, सिन, आन्तेस दे, असल्या शब्दांपाठोपाठ मूळ क्रियापद, 'ग्रासियास पोर लेएर'. 'सिन एन्तेन्देर' आठवा, तीच गोष्ट.

चहाबिस्किट
खोली भाड्याने घ्यायच्या पत्रात आजीचा फोटो कशाला पाठवताय पण?

सदाफुली
सरांची अट होती की पत्रात एका फोटोचं वर्णन हवं. आजी मैत्रिणीची आहे.

ह्यूस्टनकर
ते तेन्गो सेइस आन्योसचं सरांना नक्की विचारा आणि इथे लिहा, मला पण हवंय.